‘डिलीट’वर विसंबू नका

कार्यालयातील लैंगिक छळाच्या तक्रारीची सुनावणी व्हिडिओ कॉलवर झाली, की रेकॉर्डिंग उरते आणि इतिवृत्त लिहायचे राहते. अंतर्गत समितीच्या सदस्यांना रोजची कामे असतातच. मग कोणीतरी दीड तासाची ती फाइल एखाद्या फुकट एआय साधनावर चढवतो, सारांश उतरवून घेतो आणि फाइल ‘डिलीट’ करून मोकळा होतो. २०१३च्या कायद्याचे कलम १६ तक्रारदाराची ओळख आणि समितीची कार्यवाही गोपनीय ठेवायला सांगते. इथे मात्र तिचा चेहरा, आवाज आणि चौकटीखालचे नाव तिला न विचारताच परक्या सर्व्हरवर पोहोचलेले असते.

पुसल्याने ते परत येते, हा भ्रम आहे. गुगलच्या जेमिनीची गोपनीयता सूचनाच सांगते, की काही संभाषणे माणसे तपासतात आणि तपासलेली संभाषणे वापरकर्त्याने पुसली तरी तीन वर्षांपर्यंत राहू शकतात. गोपनीय माहिती टाकू नका, असेही तीत लिहिले आहे, वाचतो कोण? चॅटजीपीटीवर पुसलेले संभाषण एरवी तीस दिवसांत नाहीसे होते. पण ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने चॅटजीपीटीच्या कंपनीविरुद्ध केलेल्या खटल्यात अमेरिकी न्यायालयाने मे २०२५मध्ये अशी संभाषणेही जपून ठेवायला लावली आणि ते बंधन काही महिने टिकले. मोठ्या संस्थांसाठीचे ‘एंटरप्राइज’ खाते त्यातून वगळले होते. फुकट खाते आणि कार्यालयाने करार करून घेतलेले खाते यांतला फरक इथे दिसतो.

इतिवृत्ताला चित्र मुळात लागतच नाही. व्हिडिओतून आवाज वेगळा काढावा आणि ‘व्हिस्पर’सारखी मुक्त प्रणाली कार्यालयाच्याच संगणकावर, इंटरनेट बंद ठेवून चालवावी. मराठीत ती बऱ्याच चुका करते, शांततेच्या जागी कधी न बोललेली वाक्येही घालते. म्हणून मजकूर मूळ आवाजाशी ताडून पाहण्यावाचून गत्यंतर नाही. पुढे सारांशासाठी करारातले साधन वापरायचेच असेल, तर नावांऐवजी ‘तक्रारदार’, ‘साक्षीदार १’ असे लिहावे. तेवढ्यानेही भागत नाही. ‘लेखा विभागातील एकमेव महिला’ हे शब्द राहिले, तर नाव खोडून उपयोग काय?

केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५मध्ये कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटीसारखी साधने वापरायला मनाई केली. ते योग्यच, पण नुसत्या मनाईने इतिवृत्त लिहून होत नाही आणि अडलेला सदस्य स्वतःचा मोबाइल काढतो. समितीला वेगळा संगणक आणि टंकलेखनासाठी विश्वासू माणूस देणे, रेकॉर्डिंग कधी नष्ट करायचे ते आधीच ठरवणे, हे व्यवस्थापनाचे काम आहे. आणि फाइल आधीच चढवली गेली असेल, तर कंपनीला ती पुसण्याची लेखी विनंती करावी, कोणत्या साधनावर, कोणत्या खात्यातून, कधी गेली याची नोंद ठेवावी आणि तक्रारदाराला हे समितीने स्वतः सांगावे. तिला ते इतर कोणाकडून कळण्याआधी.