गुणांची सरासरी आणि क्रेडिटचे वजन

कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात मुलगी शिकते आहे असे समजा. तिचे पाच विषयांचे गुण ५२, ५८, ६०, ९० आणि ८५. बेरीज ३४५, भागिले ५, म्हणजे ६९. घरात आनंद होतो. पण हा हिशेब खरा नाही.

पहिल्या दोन विषयांना प्रत्येकी ४ क्रेडिट, तिसऱ्याला ३, शेवटच्या दोन प्रात्यक्षिकांना एकेकच. जास्त गुण हलक्या विषयांत पडले आहेत. म्हणून प्रत्येक गुण त्याच्या क्रेडिटने गुणायचा, बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचे. ७९५ भागिले १३, म्हणजे ६१.१५.

संगणकावरील एक्सेलमध्ये B रकान्यात क्रेडिट व C मध्ये गुण भरून आपण हे लिहावे :

```
=SUMPRODUCT(B2:B6,C2:C6)/SUM(B2:B6)
```

दोन्ही रकान्यांच्या ओळी सारख्याच घ्याव्यात, नाहीतर #VALUE! येते. ही चूक निदान दिसते तरी. न दिसणारी चूक वाईट. ५८ हा आकडा मजकूर म्हणून भरला गेला, तर सूत्र त्याला शून्य धरते, पण त्याचे ४ क्रेडिट भागाकारात राहतात. उत्तर ४३.३१ येते आणि मुलगी मागे पडलेली वाटते! असा आकडा बहुधा चौकटीत डावीकडे चिकटलेला दिसतो. खात्रीसाठी =COUNT(C2:C6) लिहावे; ५ आले पाहिजेत.

गुणपत्रिकेवरचा एसजीपीए पडताळायचा असेल, तर C मध्ये गुण नव्हे, ग्रेड पॉइंट भरावेत. सूत्र तेच.