धक्क्याआधीची चाचपणी

राजापेठेतल्या दुकानात मिळणारा टॉर्चचा सेल दीड व्होल्टचा असतो. दक्षिण अमेरिकेतल्या विजेरी ईलच्या एका विद्युतपेशीची ताकद त्याच्या दशांश, म्हणजे सुमारे ०.१५ व्होल्ट. मज्जातंतूचा इशारा येताच पेशीच्या एकाच बाजूने सोडियमचे कण आत शिरतात आणि दोन बाजूंत विद्युतदाबाचा फरक पडतो. अशा हजारो पेशी टॉर्चमधल्या सेलसारख्या एकामागे एक लागलेल्या असून त्या एकाच वेळी चालू होतात. २०१९ मध्ये एका ईलचा दाब ८६० व्होल्ट नोंदला गेला. आपल्या घरात २३० व्होल्ट येतात. मात्र हा झटका सेकंदाच्या काही हजारांश भागापुरताच टिकतो.

तरीही ईलला फक्त धक्का देणारा मासा समजणे चुकीचे आहे. भक्ष्य लपलेले असले की ती आधी दोन-तीनच झटके सोडते. त्याने भक्ष्याचे मज्जातंतू चेतवले जातात, स्नायू आपोआप आखडतात आणि पाणी हलते. ती हालचाल जाणवताच ईल सेकंदाला सुमारे ४०० या वेगाने झटक्यांचा मारा करून भक्ष्याला जखडते. अमेरिकी शास्त्रज्ञ केनेथ कटानिया यांनी २०१४ मध्ये हे दाखवून दिले. थोडक्यात, लपलेला मासा स्वतःच आपला पत्ता सांगतो.

वऱ्हाडातल्या तळ्यांतला मागूर असा धक्का देत नाही; पण इतर जीवांच्या शरीरातली क्षीण वीज तो त्वचेतल्या सूक्ष्म खळग्यांनी ओळखतो. गढूळ पाण्यात डोळ्यांपेक्षा हीच जाणीव कामी येते.