गुणांचा उतारा आणि न मागितलेला रकाना

क्रीडा डेस्कवर साखळी स्पर्धेचा उतारा येतो आणि सोबत निरोप असतो: ‘याचा तक्ता कर. सामने, विजय, पराभव, गुण.’ दहा मिनिटांचे काम म्हणून ते नव्या उपसंपादकाकडे जाते. या कामात टंकलेखनाच्या चुका फारशा होत नाहीत. उताऱ्यात नसलेले आकडे आपण मनाने भरतो, चुका तिथे होतात. आयपीएल २०२४ ची साखळी फेरी याचे चांगले उदाहरण आहे, म्हणून या अंकात तीच उकलून पाहू.

अशा स्पर्धेचा उतारा साधारण असा येतो: ‘कोलकाता २० गुणांसह अव्वल राहिले. हैदराबाद आणि राजस्थान यांचे प्रत्येकी १७ गुण झाले, पण सरस धावगतीमुळे हैदराबाद दुसरे. बंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि लखनौ यांनी प्रत्येकी ७ विजय मिळवले. गुजरातला ५ विजयांसह १२ गुणांवर समाधान मानावे लागले. पंजाबने १०, तर तळाच्या मुंबईने ८ गुण कमावले.’ हा नमुना मी जुळवलेला आहे, पण आकडे त्या हंगामाचेच आहेत.

वाचायला उतारा सरळ वाटतो. मात्र कोलकात्याचे विजय किती, हे त्यात कुठेच नाही. विजयाला २ गुण, म्हणून २० भागिले २ असा हिशेब करून आपण १० विजय, ४ पराभव लिहून मोकळे होतो. गुजरातच्या बाबतीत १४ मधून ५ वजा करून ९ पराभव लिहितो. दोन्ही चूक. त्या मे महिन्यात पावसाने तीन सामने वाहून गेले होते आणि प्रत्येक वेळी दोन्ही संघांना एकेक गुण मिळाला होता. हैदराबादचे १७ गुण खरे तर तेच सांगत होते. विजयाला २ आणि पराभवाला ० गुण असताना बेरीज विषम आली, की कुठेतरी एक गुण वाटला गेला असे धरावे.

म्हणून चार रकाने सांगितले असले, तरी कच्च्या तक्त्यात पाचवा घ्यावा. पानावर जागा नसेल तर तो शेवटी काढता येतो.

| संघ | सामने | विजय | पराभव | रद्द | गुण |
|---|---|---|---|---|---|
| कोलकाता | १४ | ९ | ३ | २ | २० |
| हैदराबाद | १४ | ८ | ५ | १ | १७ |
| राजस्थान | १४ | ८ | ५ | १ | १७ |
| बंगळुरू | १४ | ७ | ७ | ० | १४ |
| चेन्नई | १४ | ७ | ७ | ० | १४ |
| दिल्ली | १४ | ७ | ७ | ० | १४ |
| लखनौ | १४ | ७ | ७ | ० | १४ |
| गुजरात | १४ | ५ | ७ | २ | १२ |
| पंजाब | १४ | ५ | ९ | ० | १० |
| मुंबई | १४ | ४ | १० | ० | ८ |

आता तपासणी. आधी आडवी ओळ घ्या. विजयाला २, रद्दला १ आणि पराभवाला ० गुण असतील, तर गुणांतून सामने वजा केल्यावर जे उरते तेच विजयांतून पराभव वजा केल्यावर उरले पाहिजे. कोलकाता: २० वजा १४ म्हणजे ६, आणि ९ वजा ३ म्हणजेही ६. गुजरात: उणे २, दोन्हीकडे. रद्दचा रकाना छापला नसला तरी ही पडताळणी चालते, म्हणून चार रकान्यांच्या तक्त्यात तिचा उपयोग जास्त. गुजरातचे ९ पराभव तिने जागच्या जागी पकडले असते.

मग उभे रकाने. एकाचा विजय हा दुसऱ्याचा पराभव असतो, त्यामुळे दोन्ही बेरजा सारख्या हव्यात. इथे दोन्ही ६७ आहेत. रद्दची बेरीज ६ आहे, म्हणजे तीन सामने. ६७ आणि ३ मिळून ७०, आणि दहा संघांचे प्रत्येकी १४ सामने म्हणजेही ७०च. गुणांची बेरीज १४० हवी, आणि ती तेवढीच येते.

उभी तपासणी कधी उपयोगी पडते? शेवटच्या दिवशी, १९ मे रोजी, हैदराबादचा सामना संध्याकाळी संपला आणि गुवाहाटीत राजस्थान-कोलकाता सामना रात्री पावसात गेला. अशा रात्री उताऱ्यातले एखादे वाक्य ताजे असते आणि दुसरे संध्याकाळचे. कोलकात्याची ओळ १४ सामन्यांची, पण राजस्थानची मात्र १३ सामने, ८ विजय, ५ पराभव, १६ गुण अशी राहून गेली, असे समजा. आडवी पडताळणी जुळते, कारण ती ओळ संध्याकाळपर्यंत खरीच होती. पण रद्दची बेरीज ५ येते, आणि अर्धा सामना कुणी रद्द करत नाही. सामन्यांची बेरीजही १३९, म्हणजे विषम. कुठल्या तरी एका सामन्याची एकच बाजू नोंदली गेली आहे, हे तेवढ्यावरून कळते.

मात्र बेरजांवर फार विसंबू नका. कोलकात्यापुढे १० विजय, ४ पराभव, ० रद्द असे लिहून पाहा. आडवी ओळ जुळते: ६ आणि ६. उभ्या बेरजा ६८ आणि ६८, रद्द ४, एकूण सामने ७०, गुण १४०. सगळे बिनबोभाट पार पडते आणि तक्ता चुकीचाच राहतो. भागाकार करून आकडा भरायला आमचा विरोध आहे तो यासाठीच. इथे उपाय एकच, रद्द सामन्यांची जोडीवार यादी काढणे: १३ मे, अहमदाबाद, गुजरात-कोलकाता, १६ मे, हैदराबाद, हैदराबाद-गुजरात, १९ मे, गुवाहाटी, राजस्थान-कोलकाता. कोलकात्याचे नाव दोनदा येते, म्हणजे त्याच्या ओळीत रद्द २ हवेत. यादी मिळत नसेल तर त्या घरात आडवी रेघ मारावी. शून्य लिहू नये, कारण शून्य ही माहिती असते. एखादी बातमी वृत्तसंस्थेला फोन करून तपासायची ठरली, तर हीच रेघ पाहून विचारता येते.

ही पडताळणी सगळ्या खेळांना लावू नका. प्रो कबड्डीत अनेक हंगाम विजयाला ५, बरोबरीला ३ आणि सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने झालेल्या पराभवाला १ गुण अशी पद्धत होती. तिथे सारख्याच विजय-पराभवांच्या दोन संघांचे गुण वेगळे असू शकत, आणि एकूण गुणांची बेरीज आधी सांगता येत नसे. विजय आणि पराभव यांच्या बेरजा तेवढ्या तिथेही सारख्या यायलाच हव्यात. तक्त्याला हात लावण्यापूर्वी स्पर्धेचा गुणनियम कागदावर लिहून ठेवावा, एवढी शिस्त डेस्कने पाळावी.

आकडे तक्त्यात गेल्यावर उतारा तसाच ठेवण्याची सवयही वाईट. तेच आकडे दोनदा छापले, की त्यांतले एक पुढच्या आवृत्तीत जुने राहते. पण उतारा सगळाच उडवू नये. वरच्या तक्त्यात बंगळुरूपासून लखनौपर्यंतच्या चारही ओळी तंतोतंत सारख्या आहेत. बंगळुरू बाद फेरीत आणि चेन्नई घरी का, याचे उत्तर या रकान्यांत नाही. ते निव्वळ धावगतीत आहे: बंगळुरू अधिक ०.४५९, चेन्नई अधिक ०.३९२, दिल्ली उणे ०.३७७, लखनौ उणे ०.६६७. या चार ओळींची अदलाबदल झाली तरी एकही बेरीज ओरडणार नाही, म्हणून क्रम धावगतीशी ताडूनच लावावा. जागा असेल तर धावगतीचा रकाना द्यावा. नसेल, तर असे एक वाक्य तक्त्याखाली ठेवावे: १८ मे रोजी बंगळुरूच्या २१८ धावांपुढे चेन्नईला हरूनही पुढे जायला २०१ धावा पुरल्या असत्या, पण चेन्नईचा डाव १९१ वर थांबला.