टाकीचा हिशेब जुळतो, शेताचा जुळत नाही

फवारणी ड्रोन भाड्याने घेणाऱ्या शेतकऱ्याला काम संपल्यावर एकच गोष्ट पडताळून पाहता येते: किती क्षेत्र झाले आणि किती औषध गेले. हेक्टरी २५ लिटर ठरले असेल आणि टाकीतून तेवढेच गेले असेल तर फवारणी नीट झाली असे मानून पैसे दिले जातात. माझे म्हणणे असे की हा पुरावा अपुरा आहे, आणि डिचोली-पेडण्यातल्या लहान कोपऱ्यांच्या भातशेतीत तर तो सरळ दिशाभूल करतो. टाकीतून बरोबर तेवढेच औषध जाऊनही शेताच्या एका पट्टीत ते तिप्पट आणि शेजारच्या पट्टीत एक भाग असे पडू शकते. त्यामुळे नोझलचा प्रवाह आणि पट्ट्याची रुंदी या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्याशिवाय ड्रोन शेतावर नेऊ नये.

तिळारीच्या कालव्यावर वायंगण भात घेणारा साळसारख्या गावातला एखादा कोपरा धरू, ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद. क्षेत्र ८०० चौरस मीटर, म्हणजे हेक्टरी २५ लिटरच्या हिशेबाने त्याला २ लिटर द्रावण हवे. ड्रोन सेकंदाला ४ मीटर वेगाने जातो आणि चालकाने पट्टा ४ मीटरचा भरला आहे. मिनिटाला किती लिटर सोडायचे हे काढायला हेक्टरी लिटर, सेकंदाचे मीटर आणि पट्ट्याचे मीटर यांचा गुणाकार करून त्याला ०.००६ ने गुणायचे. २५ गुणिले ४ गुणिले ४ गुणिले ०.००६, उत्तर २.४ लिटर. चार नोझल असतील तर प्रत्येकी ६०० मिलिलिटर. कोपऱ्यात पाच फेऱ्या होतात, प्रत्येक फेरीला दहा सेकंद, आणि ५० सेकंदांत नेमके २ लिटर जातात. आता चालकाने वेळ वाचवायला पट्टा ५ मीटरचा केला. यंत्र स्वतःच प्रवाह वाढवून ३ लिटर करते, फेऱ्या चारच होतात, ४० सेकंद लागतात आणि तरीही नेमके २ लिटरच जातात. टाकीकडे पाहून या दोन फवारण्यांतला फरक कोणालाही सांगता येणार नाही.

भाताला मात्र तो कळतो. ड्रोनखाली औषध सारख्या थराने पडत नाही. मध्यावर जास्त पडते आणि कडेला उतरत जाते. समजा मध्यावर १०० पडते, एक मीटरवर ८८, दीड मीटरवर ६६, दोन मीटरवर ३८, अडीच मीटरवर १६ आणि तीन मीटरवर जेमतेम ५. ही उतरण सांध्यावर शेजारच्या फेरीच्या उतरणीने भरून निघावी लागते. ओळी ४ मीटर अंतरावर असतील तर सांध्यावर ३८ आणि ३८ मिळून ७६ होतात. लिटरमध्ये बोलायचे तर मध्यावर हेक्टरी सुमारे २८ आणि सांध्यावर २१, जे चालून जाते. ओळी ५ मीटरवर गेल्या की सांध्यावर १६ आणि १६ मिळून ३२ उरतात. यंत्राने प्रवाह वाढवलेला असल्याने मध्यावर हेक्टरी ३५ लिटरच्या आसपास पडते आणि सांध्यावर ११. सरासरी तीच, २५. पाने गुंडाळणारी अळी या सांध्यात जगते आणि तिथूनच पुन्हा शेतभर पसरते. मध्यावर जास्त पडलेल्या औषधाचा तिला काही त्रास नसतो. पोषकद्रव्य फवारले असेल तर हाच दोष फिकट-गडद पट्ट्यांच्या रूपात उघड दिसतो.

म्हणून पट्टा यंत्राच्या माहितीपत्रकावरून घ्यायचा नसतो, शेतात मोजायचा असतो. माहितीपत्रकात बहुधा थेंब जिथवर पोचतात ती रुंदी दिलेली असते. आपल्याला हवी ती सांधा भरून निघेल एवढी रुंदी. तीही ड्रोनच्या उंचीवर, वेगावर, नोझलवर आणि पंख्यांनी खाली ढकललेल्या वाऱ्यावर ठरते. टाकी भरलेली असते तेव्हा यंत्र जड असते, पंखे जास्त जोर लावतात आणि वारा जोरात खाली जातो. टाकी रिकामी होत जाते तसा तो मंदावतो. उंची दीड मीटरवरून तीन मीटरवर गेली की पट्टा पसरतो, मधला उंचवटा बसतो आणि कडेचा वारा थेंब पळवू लागतो. त्यामुळे चाचणी अर्ध्या भरलेल्या टाकीने, फवारणीच्याच उंचीवर आणि वेगावर करावी.

चाचणीला मोठी सामग्री लागत नाही. उड्डाणाच्या रेषेला आडवी दोरी ताणून डावीकडे-उजवीकडे चार-चार मीटरपर्यंत दर अर्ध्या मीटरवर, भाताच्या शेंड्याच्या उंचीला, काठ्यांवर कागद लावायचे. उड्डाण वाऱ्याच्या रेषेतच असावे, आडव्या वाऱ्यात नको. ड्रोन दोरीच्या किमान वीस मीटर आधीपासून चालता ठेवायचा, म्हणजे दोरीवरून जाताना तो पूर्ण वेगात असतो. असे तीनदा करून प्रत्येक जागी डागांनी किती भाग व्यापला ते पाहायचे आणि ती आकडेवारी वेगवेगळ्या अंतरांवर एकमेकींत मिळवून बघायची. यासाठी पाणी लागताच पिवळ्याचा निळा होणारा कागद वापरतात. गोव्यात मात्र त्याची एक अडचण आहे. पावसाळ्यात हवेतला ओलावाच त्याला निळा करतो आणि पहाटेच्या दवातही तसेच होते. एक कागद फवाऱ्यापासून दूर ठेवावा. तोही निळा पडला तर चाचणी बाद. अशा दिवसांत पाण्यात खाण्याचा रंग घालून साधा पांढरा कागद लावला तरी उतरण स्पष्ट दिसते. कागद ओल्या बोटांनी धरू नये एवढे पथ्य.

प्रवाहाची चाचणी याहून सोपी, आणि रोज करण्याजोगी. पंखे काढून स्वच्छ पाणी भरायचे, पंप चालू करून प्रत्येक नोझलखाली मोजपात्र धरायचे आणि एक मिनिट मोजायचे. ६०० अपेक्षित असताना तीन नोझल ५९० ते ६१० देत असतील आणि चौथा ५२० देत असेल तर एकूण बेरीज फक्त साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी भरते. प्रवाहमापकाला त्यात काही वावगे दिसत नाही, किंवा पंप थोडा जोर वाढवून ती तूट बाकीच्या तिघांकडून भरून घेतो. डिचोलीत मुळगाव, शिरगाव, पिळगावच्या शेतांनी खाणींची माती वर्षानुवर्षे सोसली आहे. ओढ्याचे तांबूस पाणी टाकीत गेले की बारीक गाळ गाळणीत आणि नोझलच्या तोंडात बसतो. उलट झिजलेला नोझल जास्त सोडतो. नव्या नोझलपेक्षा दहा टक्के जास्त देऊ लागला की तो बदलायचा, साफ करत बसायचे नाही.

आता लहान कोपऱ्याचा खास प्रश्न. मेरेपाशी ड्रोन थांबतो, वळतो आणि पुन्हा वेग घेतो. सेकंदाला २ मीटर या दराने वेग वाढवत ४ मीटरला पोचायला त्याला दोन सेकंद आणि चार मीटर लागतात. तेच अंतर पूर्ण वेगात तो एका सेकंदात कापतो. प्रवाह तोच राहिला तर त्या चार मीटरांत दुप्पट औषध पडते. दोन्ही टोकांचे मिळून आठ मीटर, म्हणजे चाळीस मीटरच्या फेरीचा पाचवा हिस्सा. विदर्भातल्या चारशे मीटरच्या शेतात हा भाग नगण्य असतो, आपल्याकडे नसतो. वेगानुसार प्रवाह कमी करणारी यंत्रे आहेत, पण दाबावर चालणाऱ्या नोझलमध्ये प्रवाह निम्मा करायला दाब चौथाईवर आणावा लागतो. तेवढ्या दाबात फवाऱ्याचा पंखा मिटतो, थेंब जाड होतात आणि पट्टा अरुंद होतो. फिरत्या चकतीच्या नोझलमध्ये थेंबाचा आकार चकतीच्या वेगावर ठरत असल्याने ही अडचण बरीच कमी असते. लहान कोपऱ्यांसाठी यंत्र निवडताना मी टाकीच्या आकारापेक्षा या गोष्टीला जास्त वजन देईन.

पाठीवरचा पंप तरी कुठे सारखा फवारतो, असे यावर विचारले जाते. खरे आहे, माणसाचा हात चुकतो. पण त्याची चूक विखुरलेली असते. आज इथे सुटले ते पुढच्या फवारणीत सापडते. ड्रोन साठवलेल्या त्याच ओळींवरून दरवेळी जातो, म्हणून त्याचा उपाशी सांधा हंगामभर त्याच जागी उपाशी राहतो. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: मग पट्टा सरळ ३ मीटरचा करा, कटकट मिटली. यंत्र प्रवाह आपोआप जुळवणारे असेल तर हा सल्ला वाईट नाही. फेऱ्या एक तृतीयांशाने वाढतात, बॅटरी जास्त जाते, पण सांधा भरतो. प्रवाह हाताने ठरवलेला असेल आणि तो तसाच राहिला तर मात्र मात्रा एक तृतीयांशाने वाढते. शिवाय मेरेपलीकडे जाणारे औषध कुठल्याच पट्ट्याने थांबत नाही, आणि खाजनात मेरेपलीकडचे पाणी मानशीतून माशांपर्यंत जाते. तिथे कडेची ओळ आत घ्यावी आणि कड हातपंपाने फवारावी.

या आकड्यांवर काजू फवारू नये. पेडण्याच्या डोंगरउतारावर झाडांचे शेंडे एका पातळीत नसतात. ड्रोन एका झाडावर दीड मीटर आणि पुढच्यावर चार मीटर उंच असतो, आणि पट्टा प्रत्येक झाडागणिक बदलतो. ढेकण्या कोवळ्या पालवीवर आणि मोहरावर असतो, त्यामुळे तिथे कागद झाडात, पालवीच्या उंचीला टांगून वेगळी चाचणी घ्यावी लागते.

चाचणीला वेळ कुठून आणायचा, हा चालकांचा प्रश्न रास्त आहे, विशेषतः पेडण्यात. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून त्याच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत ड्रोन उडवायला परवानगी लागते. २०२१ च्या ड्रोन नियमांनी ते ठरलेले आहे. त्यात समुद्राकडून वारा सुटण्याआधीची सकाळच कामाची. म्हणून पट्ट्याची चाचणी हंगामाच्या सुरुवातीला, विमानतळापासून दूरच्या जागेवर एकदा आणि नोझल बदलल्यावर पुन्हा करावी. मोजपात्राची चाचणी तर उड्डाणाविना, अंगणातही होते. नमो ड्रोन दीदी योजनेत स्वयंसहायता गटांना ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. सार्वजनिक पैसा जिथे एवढा जातो तिथे भाड्याच्या पावतीवर चार रकाने मागणे जड नाही: मोजलेला पट्टा, त्या वेळची उंची आणि वेग, प्रत्येक नोझलचे मिनिटाचे मिलिलिटर, आणि चाचणीची तारीख. कृषी खात्याने हे रकाने छापून द्यावेत आणि ते कोरे असतील त्या पावतीवर अनुदान देऊ नये. पुढे शेतात ओळींच्या अंतराने समांतर पट्टे उमटले तर दोष पट्ट्याचा, प्रत्येक फेरीच्या एकाच बाजूला उमटले तर नोझलचा, आणि मेरेलगत पाने करपली तर वळणावरच्या प्रवाहाचा, हे त्या पावतीशी ताडून शेतकऱ्याला चालकाला दाखवता येईल.