हृदयरुग्णाची दाढ काढताना

हृदयरोग आहे म्हटले, की ॲड्रेनलिन नसलेलीच भूल द्यावी, असा समज आहे. तो अर्धवट आहे. ॲड्रेनलिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, लिग्नोकेन जागेवर टिकते आणि भूल गाढ होते. भूल अपुरी राहिली, तर वेदनेने शरीर स्वतःच ॲड्रेनलिन सोडते.

प्रश्न मात्रेचा आहे. जव्हारकडचा ४० किलो वजनाचा, हृदयरोग आटोक्यात असलेला एखादा शेतमजूर घेऊ. दोन टक्के औषधात दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम लिग्नोकेन असते. किलोमागे ४.४ मिलिग्रॅम ही सावध मर्यादा धरली, तर त्याला १७६ मिलिग्रॅम, म्हणजे ८.८ मिलिलिटर चालेल. पण १:८०,००० प्रमाणाच्या औषधात दर मिलिलिटरला १२.५ मायक्रोग्रॅम ॲड्रेनलिनही असते आणि हृदयरुग्णासाठी त्याची मर्यादा ४० मायक्रोग्रॅम मानतात. म्हणजे ३.२ मिलिलिटरलाच थांबायचे.

३० मिलिलिटरच्या बाटलीतून पुन्हा पुन्हा औषध ओढताना हा हिशेब सुटतो. म्हणून रुग्णाचे वजन आणि दिलेले मिलिलिटर केसपेपरवर लिहिणे सक्तीचे हवे. सुई टोचल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना, हे पाहावे. मगच औषध सावकाश सोडावे. हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेला असेल किंवा बसल्या जागीही छातीत दुखत असेल, तर दाढ काढणे पुढे ढकलावे. प्रोप्रॅनोलॉलची गोळी चालू असेल, तर ॲड्रेनलिनने रक्तदाब एकाएकी चढू शकतो. म्हणून रुग्णाने गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.