‘कंडिशन एकदम मस्त’ म्हणजे किती रुपये?

जुनी दुचाकी विकायला काढणारा माणूस भाव सांगताना हमखास म्हणतो, ‘घेतली तेव्हा इतके मोजले होते.’ सौद्याला बसण्याआधीच हे वाक्य बाजूला ठेवावं. त्याने तेव्हा काय मोजलं याला आज अर्थ नाही. जुन्या गाडीची स्पर्धा आज शोरूममध्ये उभ्या असलेल्या नव्या गाडीशी असते. २२ सप्टेंबर २०२५ ला ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. शोरूमच्या किमती त्या हिशेबाने पावणेआठ टक्क्यांच्या आसपास उतरायच्या होत्या, आणि त्याच दिवशी सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या जुन्या गाड्याही स्वस्त झाल्या. मालकांना त्याचा पत्ताही नव्हता.

हा नियम विकणाऱ्याच्या मुळावर येतो असंही नाही. सहा-सात वर्षांत नव्या स्कूटरची किंमत बरीच चढली, आणि तेव्हा स्वस्तात घेतलेल्या गाडीला त्या चढाचा फायदा मिळायलाच हवा. म्हणून पहिला आकडा नेहमी एकच : त्याच प्रकारच्या नव्या गाडीची आजची एक्स-शोरूम किंमत.

त्यातून वयाचं किती वजा करायचं, याचं कोष्टक विमा कंपन्यांकडे तयार आहे. विम्याच्या कागदावर ‘आयडीव्ही’ नावाचा आकडा असतो, म्हणजे गाडी चोरीला गेली तर मिळणाऱ्या भरपाईची मर्यादा. तो ठरवताना पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के घट धरतात, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, आणि मग दर वर्षाला आणखी दहा, असं करत पाचव्या वर्षाअखेर ५० टक्के. पाच वर्षांपुढे कोष्टक गप्प बसतं. तिथून कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. मी तिथून पुढे उरलेल्या किमतीच्या दहा टक्के दर वर्षाला धरतो. हा माझा ठोकताळा आहे, सरकारी नियम नव्हे, पण चालत्या गाडीला तो बरा लागू पडतो.

आता प्रत्यक्ष एक गाडी घेऊ. आमच्याच सोसायटीतली ११० सीसीची गिअरलेस स्कूटर, जून २०१९ चं पासिंग, म्हणजे साडेसहा वर्षांची. मालकीण निवृत्त शिक्षिका, पहिल्याच मालक. मीटरवर ३१ हजार किलोमीटर. त्यांची अपेक्षा ४२ हजारांची, आणि जुन्या गाड्यांचा व्यापारी २६ हजारांवर अडून बसलेला. घेणारा तिसऱ्या मजल्यावरचा नुकताच नोकरीला लागलेला मुलगा. ‘काकू, पस्तीसला द्या ना,’ एवढाच त्याचा युक्तिवाद. पस्तीसच का, हे त्यालाही सांगता येत नव्हतं.

तशा नव्या स्कूटरची एक्स-शोरूम किंमत आपण सोयीसाठी ७५ हजार धरू. पाच वर्षांची निम्मी घट काढली की साडेसदतीस हजार उरतात. पुढच्या दीड वर्षाची घट काढली की ३२ हजार.

इथे विकणाऱ्याची एक रास्त बाजू आहे, आणि ती सहसा कोणी मांडत नाही. एक्स-शोरूम किमतीत रस्ताकर नसतो. महाराष्ट्रात तो दुचाकीला एकरकमी भरावा लागतो, आणि पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. आज नवी गाडी घेणाऱ्याला त्यापोटी आठ हजारांच्या आसपास मोजावे लागतील. काकूंच्या गाडीची साडेआठ वर्षं शिल्लक आहेत, आणि याच राज्यात गाडी नावावर करून घेणाऱ्याला तो कर पुन्हा भरावा लागत नाही. उरलेल्या वर्षांचा वाटा साडेचार हजार. तो मिळवला की साडेछत्तीस हजार. मुलगा जरा खट्टू झाला, पण हिशेब हिशेब आहे.

आता किलोमीटर. आपल्याकडे भाव करताना सगळ्यात जास्त घासाघीस यावरच होते, आणि माझ्या मते सगळ्यात कमी महत्त्व यालाच द्यायला हवं. घरगुती स्कूटर वर्षाला साधारण पाच-सहा हजार चालते. साडेसहा वर्षांत ३५ हजार अपेक्षित, इथे ३१. एवढ्या फरकासाठी एक रुपयाही इकडचा तिकडे करू नये. अपेक्षेपेक्षा दीडपट-दुप्पट रनिंग असेल तर गोष्ट वेगळी. पण तिथेही किलोमीटरचे म्हणून पैसे कापायचे आणि झिजलेल्या बेल्टचे पुन्हा वेगळे कापायचे, हे चुकीचं. बेल्ट किलोमीटरमुळेच झिजतो. एकाच झिजेचे दोनदा पैसे कापले जातात आणि घेणाऱ्याला वाटतं आपण पक्के व्यवहारी.

शिवाय मीटरवर विश्वास किती ठेवायचा? जुन्या काट्याच्या मीटरला पुढच्या चाकाकडून केबल येते. ती तुटली की मीटर थांबतो आणि गाडी मजेत चालत राहते. यात दर वेळी लबाडीच असते असं नाही. कैक लोक वर्ष-वर्ष केबल टाकून घेत नाहीत, इतकंच. उलटतपासणी टायरवर करायची. टायरच्या कडेला लंबगोल चौकटीत चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. ४६२२ म्हणजे २०२२ चा शेहेचाळिसावा आठवडा. आता २०१९ च्या गाडीला मागे ४६२२ चं टायर असेल, तर कंपनीचं मूळ टायर तोवर संपलेलं होतं. असं टायर वीस-पंचवीस हजार किलोमीटर सहज जातं. ते संपून तीन वर्षं झाली आणि मीटर आज १२ हजार दाखवतोय, तर मीटरपेक्षा टायरचं ऐकावं. टायर पंक्चरांनी किंवा कापलं गेल्यामुळे लवकर बदललेलं असू शकतं, म्हणून जोडीला पाय ठेवायच्या जागेचं रबर, हँडलच्या ग्रिप आणि सर्व्हिसची बिलं बघावीत. काकूंच्या गाडीवर चारही गोष्टी एकमेकींशी जुळत होत्या.

अगदी कमी चाललेली गाडी म्हणजे लॉटरी, हाही गैरसमज. सात वर्षांत सहा हजार किलोमीटर चाललेल्या स्कूटरची बॅटरी मेलेली असते, टायरची नक्षी शाबूत असली तरी रबर कडक होऊन त्याला बारीक भेगा पडलेल्या असतात, आणि कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची चिकट राळ बसलेली असते. तिला जादा पैसे देण्याआधी हा खर्च मोजावा.

राहिली कंडिशन. ‘एकदम मस्त’, ‘लेडीज वापर’, ‘घ्या आणि चालवा’ या शब्दांचे रुपये होत नाहीत. रुपये होतात ते मेकॅनिकच्या अंदाजाचे. दोघांना मान्य असा गॅरेजवाला गाठावा, त्याला दोनशे-तीनशे द्यावेत आणि येत्या वर्षात काय काय करावं लागेल ते लिहून घ्यावं. काकूंची गाडी सुटताना थरथरत होती आणि चढावर इंजिन ओरडायचं, पण वेग वाढत नव्हता. म्हणजे बेल्ट आणि रोलर, मजुरीसह दीड हजार. मागचं टायर सोळाशे. बॅटरी चौदाशे, सेल्फ घेत नव्हती, किकवर चालू व्हायची. पुढचा ब्रेक दाबून गाडी मागेपुढे हलवली की हँडलखाली ‘टक’ असा आवाज यायचा. तो कोनसेट, सातशे.

आणि एक भोक कागदात निघालं. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. पाच वर्षं काही बघावं लागत नाही, त्यामुळे तो संपल्याचंही कोणाच्या लक्षात येत नाही. काकूंचा जून २०२४ मध्ये संपला होता आणि तेव्हापासून गाडी बिनविम्याची फिरत होती. ७५ ते १५० सीसीच्या गाडीला वर्षाचा दर ७१४ रुपये, जीएसटी धरून साडेआठशेच्या आत-बाहेर.

मुलाने लगेच सगळी बेरीज वजा करायला घेतली. तिथे त्याला थांबवावं लागलं. साडेसहा वर्षांच्या गाडीचा भाव काढताना तिचं टायर, बॅटरी, बेल्ट अर्धवट झिजलेले असणार हे आपण आधीच धरलेलं आहे. नवं कोरं टायर काकूंच्या पैशाने बसवलं, तर मुलाला त्याने पैसे न मोजलेली वस्तू मिळते. म्हणून झिजणाऱ्या वस्तू संपलेल्या असतील तर निम्मा खर्च विकणाऱ्याचा, आणि बिघाड किंवा थकलेले कागद असतील तर पूर्ण. साडेचार हजारांचे निम्मे सव्वादोन हजार, अधिक कोनसेट आणि विम्याचे साडेपंधराशे, एकूण अडतीसशे. साडेछत्तीस हजारांतून ते गेले की ३२ हजार ७००.

व्यापाऱ्याचे २६ हजार ही लूट होती का? मला तसं वाटत नाही. तो रोख देतो, गाडी दुरुस्त करतो, गिऱ्हाईक येईपर्यंत जागा अडवून ठेवतो, त्यावर त्याचा नफा. काकूंना साडेसहा-सात हजार सोडून कटकट टाळायची असती तर तोही सौदा रास्त होता. पण घेणारा त्याच इमारतीत असताना ते सोडायचं काही कारण नव्हतं.

काही दोष मात्र वजाबाकीत बसत नाहीत. गाडी मधल्या स्टँडवर लावून मागून पाहिली आणि दोन्ही चाकं एका रेषेत नसली, टायर एकाच बाजूने खाल्लेलं असलं, तर चासी वाकली असण्याची शंका घ्यावी आणि पाच हजार कमी करून मागण्यापेक्षा चहा पिऊन निघावं. चासी किंवा इंजिनचा नंबर आरसीशी जुळला नाही तर चहाही घेऊ नये. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर इंजिनात तेल जळतंय; ते काम होऊ शकतं, पण त्याचा अंदाज घेऊन पूर्ण खर्च वजा करावा, निम्मा नव्हे. कर्ज फिटलेलं असूनही आरसीवर बँकेचं नाव राहिलेलं असतं, ते विकणाऱ्याने आधी काढून आणावं. थकलेले ई-चलनही त्याचंच.

सौदा ३३ हजारांना झाला. त्यातले तीन हजार मुलाने नोंदणी बदलेपर्यंत मागे ठेवायचे, असं ठरलं. दोघांनी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या. विकणाऱ्याने गाडी दिल्याची खबर आरटीओला चौदा दिवसांत द्यायची असते, ती काकूंनी स्वतः दिली. तेवढं प्रत्येक विकणाऱ्याने करावं, कारण आरसीवर ज्याचं नाव तोच मालक आणि अपघाताची भरपाईही त्याच्याच माथी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलेलं आहे.