खर्ची वेगळी, उचल वेगळी : दोन-तीन गड्यांच्या पगाराचा हिशेब

ज्या शेतकऱ्याकडे दोन-तीन गडी महिन्याच्या पगारावर कामाला असतात, त्याच्या घरी हिशेबाची वही क्वचितच आढळते. गडी थोडे, कामे रोजची आणि माणसे परिचयाची, म्हणून सारा हिशेब तोंडी चालतो. महिनाअखेर पगार देण्याची वेळ आली म्हणजे मात्र मालकाच्या आठवणीतला आकडा आणि गड्याच्या आठवणीतला आकडा यांत अंतर पडते. हे अंतर कोणाच्या अप्रामाणिकपणामुळेच पडते असे नाही. बहुतेक वेळा भरलेले दिवस दोघांनाही मान्य असतात. घोटाळा होतो तो खाडे, जादा काम, बाजाराची खर्ची आणि मोठी उचल या चार गोष्टी एकाच बेरीज-वजाबाकीत कालवल्यामुळे. या चारही गोष्टींना हजेरीपत्रकात स्वतंत्र जागा दिली पाहिजे, आणि त्यांतही खर्ची व उचल कधीही एका रकान्यात लिहू नये, असे आग्रहाने सांगणे आवश्यक आहे.

हजेरीपत्रकासाठी छापील मस्टरची गरज नाही. दर महिन्याला आखलेला एक मोठा कागद पुरेसा होतो. वर १ ते ३१ तारखा आडव्या लिहाव्यात आणि प्रत्येक गड्याच्या नावापुढे तीन ओळी आखाव्यात. पहिली ओळ हजेरीची. पूर्ण दिवसास ‘ह’, अर्ध्या दिवसास ‘अ’, खाड्यास ‘ख’ आणि आठवड्याच्या सुटीस ‘सु’ लिहावे. दुसरी ओळ जादा तासांची. तीत नुसती खूण न करता तासांचा आकडा लिहावा. तिसरी ओळ रोख दिलेल्या पैशाची. तीत रक्कम लिहून त्याच घरात गड्याची सही किंवा अंगठा घ्यावा. कागदाच्या उजव्या कडेला मागील उचलीची बाकी, या महिन्याचा हप्ता आणि उरलेली बाकी असे तीन रकाने ठेवावेत. नोंद रोज संध्याकाळी, गडी घरी जाण्यापूर्वी, त्याच्या देखत करावी. आठवड्याची नोंद एका दिवशी बसून भरली की जादा तास हमखास गळतात, कारण खाडा मालकाच्या लक्षात राहतो आणि जादा वेळ गड्याच्या.

हिशेबाला आरंभ करण्यापूर्वी एका दिवसाचा दर कसा काढावयाचा हे ठरले पाहिजे. महिन्याचे दिवस कधी २८ तर कधी ३१ असतात, म्हणून दर महिन्याला निराळा भाजक घेऊ नये. आठवड्याची सुटी पगारी धरली असेल तर कामाचे दिवस सरासरीने २६ धरून पगारास २६ ने भागण्याची रीत सोयीची आहे. उदाहरणादाखल १५,६०० रुपये पगार घेतला तर दिवसाचा दर ६०० रुपये आणि आठ तासांच्या दिवसाप्रमाणे तासाचा दर ७५ रुपये होतो. येथे एक चूक वारंवार होते. खाडा कापताना २६ ने भागतात आणि जादा काम देताना ३० ने. ३० ने भागल्यास तासाचा दर ६५ रुपयेच येतो. भाजक कोणताही ठरवा, पण कापताना आणि देताना तो एकच असावा. अर्थात ठरलेला दर शासनाने शेतीकामासाठी जाहीर केलेल्या किमान वेतनाहून कमी असता कामा नये. हे दर वेळोवेळी बदलतात, म्हणून चालू दर तालुक्याच्या ठिकाणी विचारून घ्यावा.

जादा तासांच्या दराविषयी पूर्वी निराळी स्थिती होती. किमान वेतन अधिनियम, १९४८ खालील १९५० च्या केंद्रीय नियमांत शेतीकामासाठी जादा तासाचा दर दीडपट होता. वेतन संहिता, २०१९ मध्ये तो किमान दुप्पट सांगितला आहे, आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. म्हणून वरील उदाहरणात जादा तासाचा दर १५० रुपये धरणे योग्य होय.

आता नाशिक जिल्ह्यातील कांदा-उत्पादकाकडे घडू शकेल असा एक हिशेब पाहावा. महिना ३१ दिवसांचा, त्यात आठवडी बाजाराच्या पाच सुट्या, म्हणजे कामाचे दिवस २६. शेतावरच्या गड्याचा पगार १५,६०० रुपये. त्याने एक पूर्ण आणि एक अर्धा खाडा केला. कांदा काढणीच्या आणि गाडी भरण्याच्या दिवसांत मात्र तो एकूण दहा तास जादा थांबला. दीड दिवसाच्या खाड्याचे ९०० रुपये गेले, राहिले १४,७००. दहा जादा तासांचे १,५०० रुपये मिळाले. महिन्याची कमाई १६,२०० रुपये झाली.

कित्येक ठिकाणी हाच हिशेब दुसऱ्या रीतीने होतो. दीड दिवसाचे बारा तास बुडाले, दहा तास भरून आले, तेव्हा दोनच तास कापावयाचे, असे म्हटले जाते. ऐकावयास हे न्यायाचे वाटते, पण त्यामुळे गड्याच्या हाती १५,४५० रुपयेच पडतात आणि ७५० रुपयांचा फरक राहतो. बुडालेला तास साध्या दराने बुडतो आणि जादा तास दुप्पट दराने मिळतो, हे या ‘फिटंफाट’ हिशेबात विसरले जाते. शिवाय दिवसभर राबून सायंकाळी आणखी दोन तास गाडी भरणाऱ्याचे ते दोन तास सकाळच्या दोन तासांसारखे नसतात. म्हणून खाडे एका ओळीत, जादा तास दुसऱ्या ओळीत, आणि दोहोंची गाठ केवळ रुपयांत, असा नियम पाळावा.

याहून अधिक महत्त्वाचा प्रश्न रोख दिलेल्या पैशाचा आहे. बाजाराच्या दिवशी मीठमिरची, तेल यांसाठी गडी पाच-सहाशे रुपये मागून घेतो. ही खर्ची होय. ती घेताना त्याने तेवढ्या पैशाचे काम बहुधा आधीच केलेले असते. म्हणजे ती कर्ज नसून त्याच्याच पगाराचा आधी दिलेला भाग आहे. ती त्याच महिन्यात पुरी वजा होणे रास्त आहे. उचल निराळी. लग्न, आजारपण, घराची दुरुस्ती अशा कारणांसाठी अद्याप न केलेल्या कामावर घेतलेली ती मोठी रक्कम असते. तिची फेड एका पगारातून होऊ शकत नाही, हे देतानाच दोघांना ठाऊक असते. म्हणून उचल देतानाच महिन्याचा हप्ता ठरवून कागदावर लिहावा.

वरील गड्याने पाच बाजारांना प्रत्येकी ६०० रुपयेप्रमाणे ३,००० रुपये खर्ची घेतली आहे आणि त्याच्याकडे १२,००० रुपये उचल बाकी असून हप्ता २,००० रुपयांचा ठरला आहे, असे समजावे. त्याचा हिशेब असा :

महिन्याची कमाई : १६,२०० रुपये
वजा खर्ची : ३,००० रुपये
वजा उचलीचा हप्ता : २,००० रुपये
हाती द्यावयाची रक्कम : ११,२०० रुपये
पुढे नेलेली उचल बाकी : १०,००० रुपये

खर्ची आणि उचल एकाच रकान्यात लिहिणारा मालक मात्र पंधरा हजारांची बेरीज करून ती सर्व कापतो, आणि गड्याच्या हाती १,२०० रुपये ठेवतो. एवढ्यावर घर चालत नाही. गडी चार दिवसांत पुन्हा दारात उभा राहतो आणि नवी उचल घेतो. कागदावर जुनी उचल फिटलेली दिसते, वास्तविक ती नव्या नावाने तशीच उभी असते. हप्त्याने फेडली असती तर हीच रक्कम सहा महिन्यांत संपली असती. कायद्यानेही एका महिन्याच्या वेतनातून होणारी एकूण वजावट निम्म्याहून अधिक असता येत नाही.

यावर मालकांचा आक्षेप ठरलेला आहे. हप्ता लहान ठेवला आणि गडी मध्येच निघून गेला, तर पैसे बुडतील. आक्षेप अगदीच खोटा नाही. परंतु त्यावरचा उपाय पगार अडवून धरणे हा नव्हे. दोन-तीन महिन्यांच्या कमाईतून फिटेल इतकीच उचल द्यावी आणि पहिली फिटेपर्यंत दुसरी टाळावी, हा खरा उपाय आहे. उचल फिटेपर्यंत दुसरीकडे कामाला जाता येणार नाही, अशी अट घालणे तर वेठबिगारीत मोडते. वेठबिगार पद्धती १९७६ च्या अधिनियमाने रद्द झालेली असून तशी सक्ती हा गुन्हा आहे. ज्या मालकाकडे उचलीची बाकी दरमहा सही घेऊन घटत जाते, त्याच्याकडे गड्याला पळून जाण्याचे कारणही कमी उरते.

गोठ्यावरच्या गड्याचा हिशेब थोडा निराळा आहे, कारण गाईंना बाजाराची सुटी नसते. तो पहाटे चार तास आणि सायंकाळी चार तास येतो, त्यांची बेरीज आठ तास धरावी. मधला रिकामा वेळ खरोखरच मोकळा असेल तरच वगळावा. सुटीच्या दिवशी धार काढावयास बोलावले तर ‘सु’ च्या खाली तास लिहावेत, आणि बदली सुटी दिली नाही तर ते जादा दराने द्यावेत. त्याचा पगार १६,६४० रुपये असेल तर दिवसाचा दर ६४०, तासाचा ८० आणि जादा तासाचा १६० रुपये होतो. दोन सुट्यांत चार-चार तास काम झाल्यास १,२८० रुपये वाढून कमाई १७,९२० रुपये होईल. २,५०० रुपये खर्ची वजा जाता १५,४२० रुपये हाती द्यावे लागतील. मदतीस येणाऱ्या रोजंदारीच्या बाईचा हिशेब सर्वांत सोपा. १७ पूर्ण आणि ४ अर्धे दिवस म्हणजे १९ हजेऱ्या. त्यास ठरलेल्या रोजाने गुणावे. तिच्या अर्ध्या दिवसांची नोंद मात्र चुकवू नये, कारण गळते ती नेमकी तीच.

ग्रामसेवक व कृषि सहायक यांनी अशी हजेरीपत्रके पाहताना थोड्याच खुणांकडे लक्ष द्यावे. सर्व महिना एकाच शाईत, एकाच हाताने सलग भरलेला दिसला, तर तो रोज भरलेला नाही. काढणीच्या महिन्यात जादा तासांची ओळ कोरी असेल, तर तास लिहिलेले नाहीत असे समजावे. हाती दिलेली रक्कम कमाईच्या निम्म्याहून खाली गेली असेल, किंवा उचलीची बाकी सलग तीन महिने घटण्याऐवजी वाढत असेल, तर त्या शेतावरचा हिशेब दुरुस्त करण्याची वेळ आली आहे. पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा. देताना पत्रक गड्यास वाचून दाखवावे आणि उरलेल्या उचलीचा आकडा त्याच्याकडून वदवून घ्यावा. तो आकडा त्याने न अडखळता सांगितला, म्हणजे हिशेब दोघांचा झाला असे खुशाल मानावे.